जाताना ४०, येताना ६०, तरी सरासरी ५० का नाही?

प्रश्न: मुलगी आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करतेय. ‘एक गाडी जाताना ताशी ४० किमी आणि त्याच रस्त्याने परत येताना ताशी ६० किमी वेगाने आली, तर सरासरी वेग किती?’ मी ५० म्हणालो, उत्तरसूचीत ४८ आहे. अंतर तर दिलेलंच नाही, मग ४८ आलं कुठून?

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे. मी बरीच वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतो आणि या गणितात पहिल्यांदा ५० न म्हणणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. त्यामुळे सूत्र नंतर बघू. आधी वही आणि पट्टी घ्या.

अंतर दिलेलं नाही, म्हणून आपणच एक धरू. पुण्याहून वाईमार्गे महाबळेश्वर साधारण १२० किमी आहे. ४० आणि ६० या दोन्हींनी १२० ला पूर्ण भाग जातो, म्हणून हिशेबाला सोयीचं. (खरा प्रवास एकाच वेगाने होत नाही. पसरणी घाटात गाडी रेंगाळते, हायवेला पळते. पण गणितात ते धरत नाहीत.) जाताना ताशी ४० ने ३ तास लागले, येताना ताशी ६० ने २ तास.

आता वहीत एका ओळीत पाच चौकोन काढायला सांगा. एक चौकोन म्हणजे एक तास. त्या तासात गाडी किती किलोमीटर गेली ते प्रत्येक चौकोनात लिहायचं:

४० | ४० | ४० | ६० | ६०

बेरीज २४०, चौकोन पाच, म्हणून सरासरी ४८. मुलांना ही पट्टी दिसली की बहुतेक वेळा पुढे काही सांगावं लागत नाही. तुम्ही ४० आणि ६० एकेकदाच धरलेत. प्रत्यक्षात गाडी ४० च्या वेगाने ३ तास चालली आणि ६० च्या वेगाने २ च तास. किलोमीटर दोन्हीकडे सारखे असले तरी तास सारखे नाहीत, आणि ‘ताशी’ किती हे काढायचं असेल तर वाटणी तासांवरच व्हायला हवी. हळू चाललेली गाडी रस्त्यावर जास्त वेळ असते, म्हणून सरासरी तिच्या बाजूला झुकते.

तुमची दुसरी शंका अंतराची. १२० ऐवजी १२ किमी धरून बघा. जाताना १८ मिनिटं, येताना १२ मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासात २४ किमी. पुन्हा ताशी ४८. अंतर दहावा भाग केलं की वेळही दहावा भाग होतो आणि भागाकार तोच राहतो. त्यामुळे दोन्ही टप्पे सारखे असतील तर अंतर सांगायची गरजच पडत नाही. हेच x आणि y घेऊन केलं की गाइडमध्ये दिसणारं सूत्र मिळतं:

2xy / (x + y)

४० आणि ६० घाला: २ × ४० × ६० = ४८००, भागिले १००, म्हणजे ४८. याला हरात्मक मध्य म्हणतात. आठवीला ते नाव माहीत नसलं तरी अडत नाही.

खरी काळजी मला या सूत्राचीच वाटते, कारण ते पाठ झालं की मुलं दोन वेग दिसताच ते लावून मोकळी होतात. पुढचं उदाहरण मुलीकडून मुद्दाम सोडवून घ्या. गाडी पहिले ९० किमी ताशी ६० ने गेली आणि पुढचे ३० किमी खराब रस्त्यावर ताशी २० ने. सरासरी वेग किती?

सूत्र लावलं तर ३० येतं. वेळ काढून बघा: ९० किमीला दीड तास, ३० किमीला दीड तास. एकूण १२० किमी, ३ तास, सरासरी ४०. म्हणजे इथे ६० आणि २० यांची साधी सरासरीच बरोबर ठरली, कारण दोन्ही वेगांना सारखाच वेळ मिळाला. अंतर सारखं असेल तर सूत्र, वेळ सारखा असेल तर साधी सरासरी, आणि दोन्ही वेगळं असेल तर यांपैकी काहीच नाही. तेव्हा एकूण अंतर भागिले एकूण वेळ. ही शेवटची रीत तिन्ही ठिकाणी चालते, म्हणून मी परीक्षेतही तीच वापरायला सांगतो.

प्रश्नातले शब्दही नीट वाचायला लावा. ‘निम्मं अंतर ४० ने आणि निम्मं ६० ने’ असेल तर ४८. ‘निम्मा वेळ ४० ने आणि निम्मा वेळ ६० ने’ असेल तर ५०. एका शब्दाने उत्तर बदलतं आणि पर्यायांत दोन्ही आकडे बहुधा दिलेले असतात. वाटेत थांबा असेल तर तो वेळही धरायचा: वरच्या प्रवासात वाईला अर्धा तास चहाला थांबलात तर २४० ला ५ ने नाही, साडेपाचने भागायचं, म्हणजे साधारण ४३.६.

दोन वेग जवळजवळचे असतील तर ही चूक पकडली जात नाही. ५८ आणि ६२ ची खरी सरासरी ५९.९ च्या पुढे येते, म्हणून ६० म्हटलं तरी खपून जातं. पण २० आणि १०० घ्या. साधी सरासरी ६०, खरी ३३.३. टप्पे सारखे असताना उत्तर दोन वेगांच्या बरोब्बर मध्ये आलं, किंवा जास्त वेगाकडे सरकलं, तर ते चुकलंच आहे असं समजा.

मुलीला रस वाटला तर आणखी एक विचारा. त्याच १२० किमीच्या रस्त्याने जाताना ताशी ४० ने गेलो. जाऊन-येऊन सरासरी ६० हवी असेल तर येताना वेग किती हवा? ८० असं उत्तर येईल, पण ते चूक आहे. २४० किमी ताशी ६० ने म्हणजे ४ तास, त्यातले ३ जाण्यात गेले, उरला एक. म्हणजे येताना ताशी १२० हवेत.

आणि सरासरी ८० हवी असेल तर? २४० किमी ताशी ८० ने म्हणजे ३ तास, आणि ते तिन्ही तास जातानाच संपले. अशाच धर्तीचं, चढ-उताराच्या रस्त्यावरच्या जुन्या मोटारीचं कोडं मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी आइनस्टाइनला पत्रातून घातलं होतं. उताराला वेळच उरत नाही हे हिशेब केल्यावरच लक्षात आलं, असं आइनस्टाइनने कळवलं. आपल्या उदाहरणात परतीचे १२० किमी पाच मिनिटांत कापले तरी सरासरी ७८ च्या आतच राहते.