दोनशेत एक, आणि सुईची भीती

"मॅडम, माझं वय एकतीस. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. आता बाराव्या आठवड्यात डबल मार्कर केली, तर डाउन सिंड्रोमसाठी 'हाय रिस्क, १:२००' असं आलंय. डॉक्टर म्हणतात, पोटातून सुई घालून पाणी तपासावं लागेल. सासूबाई म्हणतात, सुईनं पाणी गळतं आणि बाळ जातं. नुसत्या रक्ताची ती महागडी तपासणी केली तर सुई टळेल का?"

या ताई पतीसह समुपदेशनासाठी आल्या, तेव्हा मी प्रथम अहवालातला आकडाच समोर ठेवला. अगदी असाच अहवाल आलेल्या दोनशे स्त्रिया एकत्र आणल्या, तर त्यांच्यापैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १९९ जणींच्या बाळांना तो नसेल, एवढेच तो आकडा सांगतो. त्यांच्या वयाच्या स्त्रीला या आठवड्यांत ही शक्यता साधारण पाचशे ते सहाशेंत एक असते. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी, म्हणजे एनटी, १.६ मिलिमीटर होती आणि ती अगदी सामान्य होती. मात्र वारेतून आईच्या रक्तात येणाऱ्या दोन द्रव्यांपैकी पॅप-ए अपेक्षेपेक्षा कमी होते आणि बीटा एचसीजी जास्त होते, म्हणून संगणकाने शक्यता वाढवून दोनशेत एकवर आणली. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० ही मर्यादा धरतात आणि तिच्याहून जास्त शक्यता दाखवणारा प्रत्येक अहवाल 'हाय रिस्क' म्हणून छापला जातो.

ही चाळणी चाचणी आहे. एनटी आणि रक्त मिळून केलेल्या या चाचणीत डाउन सिंड्रोमच्या शंभर गर्भांपैकी ८५ ते ९० सापडतात, उरलेले निसटतात, आणि निरोगी बाळ असलेल्या शंभर मातांपैकी सुमारे पाच जणींना उगाच 'हाय रिस्क' म्हटले जाते. बाळाच्या गुणसूत्रांना ती हातच लावत नाही. गर्भजल तपासणी आणि वारेचा नमुना घेण्याची तपासणी, म्हणजे सीव्हीएस, या निदानाच्या चाचण्या आहेत, कारण त्यांत बाळाच्या किंवा वारेच्या पेशी प्रत्यक्ष हाती येतात आणि गुणसूत्रे मोजता येतात.

त्यांनी विचारलेली रक्ताची तपासणी म्हणजे एनआयपीटी. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तात वारेच्या पेशींतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा असते, म्हणून त्यांत या गुणसूत्राचे तुकडे प्रमाणाबाहेर आहेत का, हे प्रयोगशाळा मोजते. डाउन सिंड्रोम ओळखण्यात ही तपासणी डबल मार्करपेक्षा कितीतरी सरस आहे. पण तिच्या माहितीपत्रकावरचा '९९ टक्के' हा आकडा लोक चुकीचा वाचतात, म्हणून मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. १:२०० अशी शक्यता असलेल्या दहा हजार स्त्रिया घेतल्या, तर पन्नास जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल. एनआयपीटी त्यांपैकी जवळजवळ सगळे ओळखेल, एखादाच सुटेल. उरलेल्या ९,९५० जणींपैकी हजारी एक या प्रमाणात दहा जणींचा अहवाल खोटा पॉझिटिव्ह येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे साठ जणींपैकी दहा जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसेलच. आई पंचविशीची असेल आणि डाउन सिंड्रोमऐवजी तेराव्या गुणसूत्राचा प्रश्न असेल, तर खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण याहून पुष्कळ वाढते, कारण तो विकार मुळातच फार दुर्मीळ आहे.

म्हणून त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर दोन भागांत होते. एनआयपीटी निगेटिव्ह आली, तर शक्यता दोनशेत एकवरून काही हजारांत एकवर जाते आणि एनटी सामान्य असल्यामुळे अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली सविस्तर सोनोग्राफी एवढीच पुढची पायरी ठेवणे रास्त ठरते. ती पॉझिटिव्ह आली, तर सुईची तपासणी टळत नाही, फक्त दोन-तीन आठवडे पुढे जाते. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा अधिक असती, अथवा सोनोग्राफीत एखाद्या अवयवात दोष दिसला असता, तर मी एनआयपीटीचा मार्ग सुचवलाच नसता, कारण अशा गर्भांत एनआयपीटी पाहत नाही असे गुणसूत्रदोषही सापडतात. तसेच आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भात चारांत एक धोका असतो आणि तिथे डबल मार्कर किंवा नेहमीच्या एनआयपीटीचा काहीच उपयोग नसतो, थेट अकराव्या आठवड्यात सीव्हीएस करावी लागते.

सासूबाईंची भीती निराधार आहे असे मी म्हटले नाही, कारण ती पूर्णपणे निराधार नाही. सुईमुळे बाळ जाण्याचा धोका एक टक्का असतो, हा आकडा डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून जगभर पसरला. तेव्हाच्या सुया आजच्यापेक्षा जाड होत्या आणि सोनोग्राफी यंत्रेही आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत, सारखाच मूळ धोका असलेल्या पण सुई न लावलेल्या स्त्रियांशी तुलना केली, तेव्हा अनुभवी हातांनी केलेल्या गर्भजल तपासणीमुळे वाढणारा धोका हजारी एक ते तीन आणि सीव्हीएसमुळे वाढणारा धोका साधारण हजारी दोन इतका दिसला. समुपदेशनात मी सावधपणे 'दोनशेत एकाहून कमी' असे सांगते. सारख्या धोक्याच्या स्त्रियांशी तुलना करणे इथे फार महत्त्वाचे आहे. ज्यांचे पॅप-ए कमी असते, त्यांच्यात सुई न लावताही गर्भपाताचे प्रमाण थोडे अधिक असते, आणि तपासणीनंतर महिन्याभराने काही घडले की सगळा दोष सुईकडे जातो.

गर्भजल तपासणीच्या नावाला आपल्याकडे आणखी एक डाग आहे. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात तिचा उपयोग मुलगी आहे का हे पाहण्यासाठी सर्रास झाला, म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. आजही ही तपासणी नोंदणीकृत केंद्रातच आणि ठरलेल्या कारणासाठीच होते, स्त्रीला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घेऊन तिला प्रत दिली जाते आणि लिंग कोणालाही सांगितले जात नाही. ताईंच्या पतींना 'लोक काय समजतील' ही काळजी होती, म्हणून हे त्यांना मुद्दाम सांगावे लागले.

त्या दोघांनी विचार करून एनआयपीटी निवडली. दहा दिवसांनी अहवाल आला, तो डाउन सिंड्रोमसाठी पॉझिटिव्ह होता. तेव्हा गर्भ साडेचौदा आठवड्यांचा झाला होता. "आता एवढं आलं, तर पुन्हा सुई कशाला? काय ते ठरवून टाकू," असे पती म्हणाले. मी त्यांना साठांपैकी दहांचा तो हिशोब पुन्हा दाखवला. केवळ एनआयपीटीच्या आधारावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, या बाबतीत मी कुठलीही तडजोड मानत नाही.

आता प्रश्न होता तो सीव्हीएस की गर्भजल, हा. सीव्हीएसचा मोठा फायदा म्हणजे ती अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात होते, त्यामुळे उत्तर लवकर मिळते. दहाव्या आठवड्याआधी मात्र ती करत नाहीत, कारण तेव्हा बाळाच्या हातापायांत दोष निर्माण होण्याचा संबंध आढळला आहे. पण सीव्हीएसमध्ये वारेच्या पेशी तपासल्या जातात आणि एनआयपीटीतले तुकडेही वारेतूनच आलेले असतात. शंभरांत एक-दोन वेळा वारेत दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा दोष वारेपुरताच राहतो, बाळ सामान्य असते. अशा वेळी सीव्हीएस केली तर तोच संभ्रम पुन्हा हाती येऊ शकतो आणि शेवटी गर्भजल काढावेच लागते. गर्भजलात बाळाच्या त्वचेतून, मूत्रमार्गातून सुटलेल्या पेशी असतात. ताईंची सीव्हीएसची वेळ निघूनच गेली होती, त्यामुळे सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबण्याचे ठरले. गर्भजल पंधरा आठवड्यांआधी काढल्यास पाणी गळण्याचे आणि बाळाचे पाऊल वाकडे असण्याचे प्रमाण वाढते, म्हणून घाई केली नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफीत बाळाचे ठोके, वारेची जागा आणि पाण्याचा मोकळा भाग पाहिला. पोटाची त्वचा निर्जंतुक केली आणि पडद्यावर सुईचे टोक सतत दिसत ठेवून बारीक, लांब सुई आत नेली. पहिले एक-दोन मिलिलिटर पाणी टाकून दिले, कारण त्यात आईच्या पेशी आल्या तर उत्तर चुकू शकते, आणि मग सुमारे वीस मिलिलिटर घेतले. सुई आत होती ती मिनिटभरच. एवढे पाणी बाळाच्या लघवीतून थोड्याच काळात भरून निघते. ताईंचा रक्तगट निगेटिव्ह आणि पतींचा पॉझिटिव्ह असल्यामुळे त्यांना अँटी-डीचे इंजेक्शन दिले. ही गोष्ट गडबडीत राहून जाऊ नये म्हणून मी रक्तगट चिठ्ठीवर ठळक लिहून पाठवते. घरी गेल्यावर दिवसभर पोटात थोडे ओढल्यासारखे दुखणे सामान्य असते, पण खालून पाणी येणे, रक्त जाणे, ताप किंवा थांबून थांबून येणाऱ्या कळा यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा, असे त्यांना सांगितले होते. पाणी गळणे शंभरांत एखादीला होते आणि त्यांतल्या बहुतेकींचे ते आपोआप थांबते. ताईंना पहिल्या दिवसाच्या दुखण्यापलीकडे काही झाले नाही.

तीन दिवसांत क्यूएफ-पीसीआरचा जलद अहवाल आला. एकविसावे गुणसूत्र तीन वेळा होते. पण या जलद अहवालाला फक्त संख्या कळते, मांडणी कळत नाही. तिसरे गुणसूत्र सुटे आहे की चौदाव्यासारख्या दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले आहे, हे पाहण्यासाठी पेशी वाढवून पूर्ण कॅरिओटाइप करावा लागतो आणि त्याला दोन ते तीन आठवडे जातात. ते चिकटलेले असेल, तर आईवडिलांपैकी कोणी वाहक आहे का हे तपासावे लागते, कारण आई वाहक असल्यास पुढच्या गर्भातला धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो.

दरम्यान त्यांची भेट एका बालरोगतज्ज्ञांशी आणि डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला वाढवणाऱ्या एका कुटुंबाशी करून दिली. गर्भ वीस आठवड्यांच्या आत असल्याने कायद्याने त्यांच्यापुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. त्यांनी कोणती निवडली ते मी इथे लिहीत नाही, तो निर्णय त्यांचा आहे.

कॅरिओटाइपमध्ये तिसरे गुणसूत्र सुटेच निघाले. त्यामुळे आईवडिलांच्या तपासणीची गरज पडली नाही आणि पुढच्या गर्भातला धोका सुमारे एक टक्का राहतो, वय वाढले की वयाचा धोका त्याहून मोठा होतो. पुढच्या वेळी दहाव्या आठवड्यात एनआयपीटी करून थांबायचे की अकराव्यात थेट सीव्हीएस करायची, हे त्यांनी दिवस राहताच येऊन ठरवायचे आहे. सोबत आणायला मी त्यांच्या फाइलमध्ये कॅरिओटाइपची मूळ प्रत ठेवली आहे.