मॅचिंग इंजिनसाठी दोन हीप पुरतात का?

प्रश्न: स्टॉक एक्स्चेंजसारखं ऑर्डर मॅचिंग इंजिन लिहितोय. आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेली ऑर्डर. खरेदीचा एक हीप आणि विक्रीचा एक हीप, एवढं पुरेल ना?

उत्तर: मॅचिंगपुरतं पुरेल. पण खऱ्या बाजारात बऱ्याच ऑर्डर्स सौदा न होताच रद्द होतात किंवा बदलल्या जातात, आणि हीप अडतो तो तिथेच. वरची ऑर्डर तो झटकन देतो, पण मधलीच एखादी काढायची म्हटलं तर आधी ती शोधत बसावं लागतं.

म्हणून मी दोन्ही बाजूंना भावांची एक क्रमवार यादी ठेवतो आणि प्रत्येक भावापाशी ऑर्डर्सची एक रांग. ही रांग म्हणजे दुहेरी लिंक्ड लिस्ट. शिवाय ऑर्डर क्रमांकावरून थेट त्या नोडपर्यंत नेणारा एक हॅश मॅप. रद्द करण्याची विनंती आली की मॅपमधून नोड घ्यायचा, शेजारच्या दोघांना एकमेकांशी जोडायचं, संपलं. रांग कितीही लांब असो, वेळ तेवढाच लागतो.

भाव पूर्णांकात, म्हणजे पैशांत ठेवा. १०२.४५ रुपये म्हणजे १०२४५. फ्लोटिंग पॉइंटमध्ये `0.1 + 0.2` चं उत्तर `0.30000000000000004` येतं, आणि अशा फरकामुळे एकाच भावाच्या दोन वेगळ्या रांगा तयार होऊ शकतात.

आता एक उदाहरण. विक्रीच्या बाजूला तीन ऑर्डर्स आहेत, आलेल्या क्रमाने: अ १०२.५० ला २०० शेअर्स, ब १०२.५० ला ३००, क १०२.४५ ला १००. मग खरेदीची ऑर्डर येते: १०२.५० पर्यंत ४५०. क शेवटी आला असला तरी त्याचा भाव स्वस्त, म्हणून आधी त्याचे १०० जातात, आणि तेही १०२.४५ ला. सौदा नेहमी आधीपासून थांबलेल्या ऑर्डरच्या भावाने होतो. मग अ चे २००, आणि उरलेले १५० ब कडून. ब चे १५० शिल्लक राहतात आणि तो १०२.५० च्या रांगेत आता पहिला असतो.

```
while (o.qty > 0 && !asks.empty() && asks.best().price <= o.price) {
    Order& r = asks.best().front();
    int q = min(o.qty, r.qty);
    trade(r.price, q);
    o.qty -= q;  r.qty -= q;
    if (r.qty == 0) asks.removeFront();
}
```

मॅचिंग एवढंच. रांगेतली जागा न्यायाने सांभाळणं मात्र अवघड, आणि माझी चूक तिथेच झाली होती. सरावासाठीचं एक एक्स्चेंज आम्ही बांधलं होतं. त्यात ऑर्डर बदलणं म्हणजे जुनी रद्द करून नवी टाकणं, असं मी सरळसोट लिहून टाकलं. एका ट्रेडरने ५०० चे ४०० केले आणि तो रांगेच्या शेवटी गेला. त्याची तक्रार अगदी रास्त होती. एनएसईवरचा नियम असा आहे: संख्या कमी केली तर जागा कायम राहते, संख्या वाढवली किंवा भाव बदलला तर जागा जाते. कमी करणाऱ्यामुळे मागच्यांचं काहीच नुकसान होत नाही. वाढवणाऱ्याला मात्र जुनी जागा दिली, तर एका शेअरची ऑर्डर टाकून जागा अडवायची आणि नंतर ती फुगवायची, हे कोणीही करेल. तेव्हा संख्या कमी करायची असेल तर नोडमधला आकडा जागच्या जागी बदला. बाकी बदलांना नवा क्रम द्या.

क्रम म्हणजे घड्याळातली वेळ नव्हे, हेही महत्त्वाचं. ऑर्डर्स दोन वेगळ्या सर्व्हरवरून आल्या तर त्यांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत, आणि दोघींवर एकच वेळ पडू शकते. इंजिनच्या दारातच एका जागी प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्या, ती आधी लॉगमध्ये लिहा, मग इंजिनला द्या. एका शेअरचं सगळं काम एकाच थ्रेडवर ठेवा. लॉक लागत नाहीत, आणि तोच लॉग पुन्हा चालवला की तेच सौदे त्याच क्रमाने येतात. अट एकच: मॅचिंगच्या आत कुठेही घड्याळ वाचू नका. वेळ हवीच असेल तर तीही विनंतीसोबत लॉगमधून येऊ द्या.

तपासणीसाठी एक मुद्दाम हळू आवृत्ती लिहा: साधी यादी, आणि दर वेळी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून योग्य ऑर्डर निवडायची. मग नव्या, बदललेल्या आणि रद्द केलेल्या लाखभर ऑर्डर्स कशाही क्रमाने तयार करून दोन्हींना द्या आणि सौद्यांच्या याद्या ओळीनओळ ताडून पाहा. प्रत्येक ऑर्डरनंतर हेही बघा की खरेदीचा सर्वोच्च भाव विक्रीच्या सर्वात कमी भावापेक्षा खालीच आहे. माझी दुसरी एक चूक याच ताळ्यात सापडली: भावाची रांग रिकामी झाल्यावरही ती यादीत तशीच राहत होती, आणि पुढची ऑर्डर त्या रिकाम्या रांगेतून पहिला नोड मागत होती.