चिठ्ठी परत आली की मुलाला प्रश्नातली फट दिसते

प्रश्न : पाचवीची मुलं वहीत फक्त "सर, हे येत नाही" असं लिहितात. काय येत नाही ते कळतच नाही. पूर्ण प्रश्न लिहायला कसं शिकवायचं?

मी चिठ्ठ्यांचा खेळ घेतो. त्यासाठी मुद्दाम अर्धवट निरोप आधीच लिहून ठेवतो. उदाहरणार्थ, "उद्या अकरा वाजता या, डबा आणा." कुठे यायचं, ते नाही. एका चिठ्ठीत एकच गोष्ट गाळायची. सगळंच गाळलं की मुलं नुसती हसतात, शोधत काही नाहीत.

जोडीतल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते. बोलायचं नाही. काय अडलं ते त्याच चिठ्ठीखाली एका वाक्यात लिहून ती माझ्याकडे परत पाठवायची. "नीट लिहा" असं लिहिलेलं चालत नाही, नेमकं काय हवं ते लिहायचं. पहिला तास एवढ्यावरच संपतो. आधी मुलाला वाचणारा करायचा, लिहिणारा नंतर. कारण स्वतः लिहिलेल्यातली फट त्याला दिसत नाही, उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात असतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अडचणी घेतो. एका मुलीने लिहिलं, "भागाकार चुकतोय." वाचणाऱ्या पोराकडून चिठ्ठी परत आली : "कुठला?" तिने लिहिलं, "६१२ भागिले ६." पुन्हा परत : "तुझं उत्तर काय आलं?" "१२." तिसऱ्यांदा परत : "कसं केलंस?" वैतागून तिने शेवटी सगळं एकत्र लिहिलं : "६१२ ला ६ ने भागले. ६ एके ६. मग १ खाली घेतला, त्याला भाग जात नाही म्हणून लगेच २ पण घेतला. ६ दुणे १२. उत्तर १२ आले, पुस्तकात १०२ आहे. मधले शून्य कुठून आले?" आता समोरच्या पोराला एका ओळीत उत्तर देता आलं : "१ ला भाग गेला नाही तेव्हा वर ० लिहायचं राहिलं." चिठ्ठीने किती फेऱ्या मारल्या ते कोपऱ्यात लिहायला लावतो. मुलं ते आकडे क्रिकेटच्या धावांसारखे मोजतात, फक्त इथे कमी धावा करणारा जिंकतो!

माझी चूक सांगतो. सुरुवातीला मी फळ्यावर "काय करायचं होतं, काय केलं, काय झालं" असा साचा लिहून दिला. मुलांनी तो फॉर्मसारखा भरला. "काय केलं"पुढे सरळ "गणित केलं"! साचा पुसला. आणि शेजारच्या बाकावर चिठ्ठी देऊ नका. शेजारच्याला सगळं ठाऊक असतं, तो अंदाजानेच उत्तर देतो. आम्ही दुसऱ्या तुकडीशी अदलाबदल करतो.

मग काही जण उलट्या टोकाला जातात, आजी गावाहून आली इथपासून सुरुवात. अशा चिठ्ठीवर वाचणाऱ्याने उत्तर द्यायला न लागलेली वाक्यं पेन्सिलीने खोडायची. दुसरी-तिसरीत हे लेखी जमत नाही. तिथे दोघांना पाठीला पाठ लावून बसवतो आणि एकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला चित्र काढायला लावतो.