देवनागरीच्या आधाराने व्हिएतनामी स्वर आणि शब्दाच्या शेवटची व्यंजनं

प्रश्न : नोकरीनिमित्त हनोईला जायचंय. व्हिएतनामी शब्द देवनागरीत लिहून पाठ करतोय, पण ऑनलाइन मीटिंगमध्ये बोललो की तिथल्या सहकाऱ्यांना काही कळत नाही. सूर बाजूला ठेवले तर बाकीचे उच्चार मराठी माणसाला जमायला हवेत ना? नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर :

देवनागरी सोडून द्या असं मी म्हणणार नाही. मी हनोईत राहूनच ही भाषा शिकलो आणि वहीत आजही देवनागरीत खुणा करतो. पण काही ठिकाणी मराठीत दोन आवाज असतात तिथे व्हिएतनामीत तीन-चार असतात, आणि आपला कान नको तेवढ्या तत्परतेने त्यांना आपल्या दोनांत बसवून टाकतो. ती ठिकाणं माहीत झाली की बरंचसं काम होतं.

सुरुवात तीन शब्दांपासून करा. tai म्हणजे कान, tay म्हणजे हात आणि tây म्हणजे पश्चिम. तिघांचा सूर एकच, सपाट. त्यामुळे इथे घोळ झाला तर दोष सुरांवर ढकलता येणार नाही. मराठी माणूस पहिला शब्द ‘ताय’ म्हणतो, ते बरोबर आहे. दुसरा आखूड ऐकू येतो म्हणून तो ‘तय’ म्हणतो, आणि समोरच्याला ऐकू येते पश्चिम. तिसराही ‘तय’च. म्हणजे हात नावाची गोष्ट त्याच्या भाषेतून गायबच झाली.

याचं कारण आपल्या अ आणि आ मध्ये आहे. शाळेत आपण ऱ्हस्व-दीर्घ म्हणून मोकळे होतो, पण खरं तर या दोघांत दोन फरक एकदम असतात. आ लांब असतो आणि तोंडही जास्त उघडतं. अ आखूड असतो आणि तोंड अर्धवटच उघडतं. व्हिएतनामी हे दोन फरक सुटे करते. तोंड किती उघडायचं हे वेगळं, किती वेळ धरायचं हे वेगळं. त्यामुळे चार आवाज होतात, आणि चारही सपाट सुरात एकाच साच्यात सापडतात : cam, căm, câm, cơm.

cam म्हणजे संत्रं. आपलं ‘काम’ जसंच्या तसं म्हणा. câm म्हणजे मुका. ‘कमळ’मधलं ‘कम’ म्हणा, जवळजवळ तेच. cơm म्हणजे भात, आणि इथे मराठी माणसाला घरबसल्या फायदा आहे. ‘केलं’, ‘गेलं’, ‘असं’ हे शब्द बोलण्यात म्हणताना शेवटी जो लांबलेला अ येतो, तोच हा ơ. ‘केलं’ सावकाश म्हणा, त्यातला ‘लं’चा अ पकडा, त्याच्या आधी क लावा आणि मग ओठ मिटा. अक्षराला o दिसतो म्हणून लोक ‘कोम’ किंवा ‘कॉम’ म्हणतात. पण उजव्या बाजूला चिकटलेला तो छोटा आकडा असला की ओठ गोल करायचेच नाहीत. phở या नूडल्सच्या सूपच्या नावालाही हेच लागू. मराठीत सगळीकडे ‘फो’ लिहितात, पण स्वर ‘असं’च्या शेवटचा आहे.

उरला căm, म्हणजे मनात धुमसणारी चीड. मराठीच्या पाटीवर याचं घर नाही. तोंड आ एवढं उघडायचं, पण वेळ अ एवढाच द्यायचा. ‘आत्ता’ घाईत म्हणताना पहिला आ जेवढा आखडतो, तेवढा धरा. tay मधला a हाच आहे. आता तुम्ही म्हणाल, त्याच्यावर तर वाटीसारखी खूण नाही. बरोबर, y आणि u च्या आधी ती लिहीतच नाहीत. ai मधला a लांब, ay मधला आखूड. Ao मधला लांब, au मधला आखूड. म्हणून cao म्हणजे उंच आणि cau म्हणजे सुपारी. एक युक्ती इथे चांगली चालते : tai म्हणताना वेळ आ वर घालवा, tay म्हणताना य वर. अख्खा शब्द घाईने तोडू नका, फक्त लांबी पुढे सरकवा.

बाकीचे स्वर त्या मानाने सोपे. डोक्यावर टोपी असलेले ê आणि ô म्हणजे आपले ए आणि ओ. टोपी नसलेले e आणि o म्हणजे साधारण ॲ आणि ऑ, फक्त e म्हणताना ‘बॅट’इतका जबडा पाडू नका. ư मात्र नवा आहे. ‘ऊ’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ हसल्यासारखे बाजूला ताणा. ओठ गोल राहिले तर mưa (पाऊस) चं mua (विकत घेणं) होतं. या दोन्हींच्या शेवटचा a हा आ नाही, अगदी निसटता अ आहे : ‘मुआ’ नव्हे, ‘मुअ’.

आता शेवटची व्यंजनं. मीटिंगमध्ये तुमचं बोलणं कळत नाही, यात माझ्या मते मोठा वाटा यांचाच असणार.

व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी p, t, c, ch, m, n, ng, nh एवढीच व्यंजनं येतात. मराठीत हे सगळं आहे असं वाटतं, म्हणून कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. cáp (केबल), cát (वाळू) आणि các (अनेकवचनासाठी नामाआधी येणारा शब्द) घ्या. आपण ‘भात’, ‘नाक’, ‘बाप’ म्हणतो तेव्हा शेवटचं व्यंजन सोडतो. जीभ सुटते आणि थोडी हवा बाहेर पडते. व्हिएतनामीत ते सुटतच नाही. जीभ किंवा ओठ जागेवर जातात, हवा अडते आणि शब्द तिथेच संपतो. तुम्ही ‘कात’ असं सोडून म्हटलंत की ऐकणाऱ्याला शेवटी आणखी एक अर्धवट अक्षर लागल्यासारखं वाटतं.

न सोडलेलं व्यंजन मराठीत आहे, फक्त शब्दाच्या मध्ये. ‘पत्ता’ म्हणा आणि अर्ध्या त वर थांबा. जीभ दातांना टेकलेली, आवाज बंद. ‘धक्का’ आणि ‘टप्पा’चंही तसंच करा. शेवटचं t हवं तर ‘पत्–’वरचं, c हवं तर ‘धक्–’वरचं, p हवं तर ‘टप्–’वरचं. तळहात तोंडासमोर धरा; शब्द संपताना हवेचा फटका लागला तर व्यंजन सुटलं. आणि ट कडे घसरू नका, t ची जागा आपल्या त जवळची आहे.

ऐकताना सुरुवातीला तिन्ही शब्द ‘का’ म्हणून कापलेले वाटतील. समोरासमोर असाल तर ओठ बघा : cáp ला ते मिटतात. cát आणि các यांतला फरक स्वराच्या अगदी शेवटच्या टोकाला असतो आणि तो कानाला सवयीनेच लागतो.

अनुनासिकांचा सापळा वेगळा आहे, आणि तो खास आपला आहे. làm म्हणजे करणं, làn म्हणजे रस्त्यावरची लेन, làng म्हणजे गाव. सुटे म्हटले तर m आणि n कुणालाही जमतात. ng ला ‘रंग’मधला शेवटचा ग गाळावा लागतो, ‘वाङ्मय’ नीट म्हणून ङ् वर थांबलात की ng तयार. पण वाक्यात गेलं की आपला अनुस्वार जागा होतो. अंक, अंत, अंबा : पुढचं व्यंजन बघून आपण अनुस्वाराचा उच्चार आपोआप बदलतो आणि बदलला हे कळतही नाही. ăn cơm म्हणजे जेवणं. n च्या पुढे क आला की मराठी जीभ ‘न’ची जागा सोडून ‘आङ् कऽम’ म्हणते. हनोईत n हा n च राहायला हवा : जीभ दातांमागे टेकवा, क्षणभर थांबा, मग क. वहीत अशा जागी अनुस्वार लिहूच नका. ‘आन् | कऽम्’ असं पूर्ण अक्षर आणि मध्ये उभी रेघ. मला विचाराल तर देवनागरी वापरणाऱ्याने करायचा सगळ्यात उपयोगी बदल हाच.

ng आणि c बद्दल आणखी एक गंमत. त्यांच्या आधी u, o किंवा ô आला की शेवटी ओठही मिटतात, मागे जीभ आणि पुढे ओठ एकाच वेळी. không (नाही) ऐकलं की मराठी कान ‘खोम’ लिहून घेतो, आणि học (शिकणं) ‘हाउप’. कान खोटं बोलत नसतो, पण निम्मंच सांगतो. जीभ ङ् ला किंवा क् ला मागे लावा आणि त्याच वेळी गाल किंचित फुगतील असे ओठ मिटा. स्वरही लिहिल्यासारखा राहत नाही : không चा साधारण ‘अउ’ होतो, học चा आखूड ‘आउ’. आरशासमोर करून बघा, ओठ उघडे राहिले तर लगेच दिसतं.

शेवटचे nh आणि ch डोळ्यांना फसवतात. ही लिपी पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या वळणाने घडली. तिचा प्रसिद्ध शब्दकोश अलेक्झांडर द ऱ्होड या जेझुइटाने 1651 मध्ये रोममध्ये छापला. पूर्वेकडे येताना हा माणूस गोव्यातही राहिला होता. गोव्याच्या Saldanha आडनावात जे nh दिसतं तेच हे, मुळात ञ. पण आजच्या हनोईत शब्दाच्या शेवटी ते ‘इङ्’च्या जवळ जातं. anh (थोडक्यात ‘दादा’, थोड्या मोठ्या पुरुषाला हाक) म्हणजे ‘अन्ह’ नव्हे, आखूड ‘आइङ्’. sách (पुस्तक) म्हणजे ‘साच’ नव्हे, ‘साइक्’, आणि क् न सोडलेला.

घरच्या घरी तपासायचं तर कागदावर cam, căm, câm, cơm लिहा, दुसऱ्यावर làm, làn, làng. एखाद्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवा, तुम्ही क्रम बदलून म्हणा आणि त्याने ऐकू आलेल्या शब्दावर बोट ठेवायचं. ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका. लोक भिडस्तपणे हो म्हणतात. बोट चुकीच्या शब्दावर गेलं की कुठला खाना रिकामा आहे ते तुम्हालाच कळेल. मात्र सहकारी हनोईकडचाच निवडा. सायगॉनकडे बहुतेक स्वरांनंतर n चा ng होतो आणि t चा c; तिथे ăn cơm चा उच्चार ‘आङ् कऽम’च असतो आणि cát व các सारखेच ऐकू येतात. तिकडच्या माणसाने तुमचा làn ऐकून làng वर बोट ठेवलं, तर तो निकाल धरू नका.