कॅप्सूल बघायची तर स्लाइड तापवू नकोस

बेळगावच्या पावसाळ्यात स्लाइड लवकर वाळत नाही, म्हणून नवीन पोरं ती सरळ बर्नरवर धरतात. ग्रॅम रंजनाला ते चालतं, इथं नाही. कॅप्सूल म्हणजे जीवाणूभोवतीचं बुळबुळीत आवरण, बहुतेक पाणीच. उष्णता लागली की आकसते. पंख्याखाली ठेव आणि चहा पिऊन ये.

क्लेब्सिएला हा कॅप्सूलवाला जीवाणू घे. स्लाइडच्या टोकाला निग्रोसिन या काळ्या रंगाचा लहान थेंब, त्यात लूपभर कल्चर मिसळ, मग दुसऱ्या स्लाइडच्या कडेनं पातळ ओढ. वाळल्यावर एक मिनिट क्रिस्टल व्हायोलेट, मग हलक्या हातानं धू. निग्रोसिन कॅप्सूलमध्ये शिरत नाही, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर जांभळ्या जीवाणूभोवती स्वच्छ कडं दिसतं. पण वाळताना फिल्म आकसली तरी खोटं कडं पडतं. त्यासाठी शेजारी कॅप्सूल नसलेल्या जीवाणूची स्लाइड हवीच. तिथंही कडं दिसलं, तर निकाल देऊ नकोस.

तोंडी परीक्षेत विचारतील, शरीरातल्या भक्षक पेशी जीवाणू गिळतात त्यापासून कॅप्सूल त्याला कशी वाचवते. ‘कॅप्सूल निसरडी असते’ एवढ्यावर भागत नाही. सी३बी हे पूरक प्रथिन भित्तिकेवर चिकटतं खरं, पण जाड कॅप्सूलखाली गाडलं जातं. भक्षक पेशीच्या ग्राहीला ते सापडतच नाही. कॅप्सूलविरोधी प्रतिपिंडं मात्र वरूनच चिकटतात आणि मग पेशीला धरायला जागा मिळते.