रक्कम दुप्पट कधी होईल? ७२ ला दराने भागून बघा

वार्षिक ८ टक्के दर घ्या. ७२ भागिले ८ म्हणजे ९. रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट. पण यावर नुसता विश्वास ठेवू नका, एकदा कागदावर करून बघा. मुद्दल १००० धरा. पहिल्या वर्षाअखेर १०८० होतात. दुसऱ्या वर्षी व्याज ८० नाही, ८६.४० मिळतं, कारण ते १०८० वर आकारलं जातं. एकूण झाले ११६६.४०. असंच दर वर्षी १.०८ ने गुणत गेलात की नवव्या वर्षाअखेर १९९९ येतात. सरळव्याजाने तेवढ्याच काळात १७२० झाले असते.

आठ टक्क्यांच्या आसपास हा नियम जवळजवळ अचूक बसतो, दूर गेलं की सरकतो. २ टक्क्यांना तो ३६ वर्षं सांगतो, प्रत्यक्षात ३५ पुरतात. २४ टक्क्यांना तीन वर्षं सांगतो, पण तीन वर्षांनी हजाराचे १९०७ च झालेले असतात. खरं तर लहान दरांना ७० जास्त जवळचा. ७२ टिकलाय तो २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो म्हणून.

नवशिके अडखळतात ते कालावधीपाशी. दर महिना २ टक्के असेल तर उत्तरातले ३६ हे महिने असतात, वर्षं नव्हेत. आणि मधे व्याज काढून घेत असाल तर हे गणित लागूच होत नाही.