पत्ते किती वेळा पिसले की खरंच मिसळतात?

प्रश्न: ५२ पत्त्यांचा कॅट रिफल करून, म्हणजे दोन भाग करून ते अंगठ्यांनी एकमेकांत सोडून, सात वेळा पिसला की पुरे, असं ऐकलंय. सातच का? सहा का नाही? आणि सातनंतर पत्ते खरंच पूर्ण मिसळलेले असतात का?

उत्तर: सात हा आकडा बरोबर आहे, पण तो थोडा ढोबळ आहे. पूर्ण मिसळणं सातव्याला काय, सत्तराव्यालाही होत नाही. फक्त पाचव्यापासून फरक झपाट्याने कमी व्हायला लागतो, आणि तो का, हे एकदा कळलं की सातचं गूढ राहत नाही.

तुमच्याकडे आठच पत्ते आहेत असं धरा, बदामाच्या एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत, ओळीने. कॅटचे दोन भाग केले: १ २ ३ आणि ४ ५ ६ ७ ८. अंगठ्यांनी फर्रकन एकमेकांत सोडले. समजा क्रम आला तो असा:

४ १ ५ ६ २ ७ ३ ८

दिसायला गोंधळ. पण डावीकडून वाचत फक्त १, मग २, मग ३ शोधा, ओळीने सापडतात. पुन्हा सुरुवातीपासून ४, ५, ६, ७, ८ शोधा. तेही ओळीने आहेत. म्हणजे जुना क्रम मोडलेला नाही, दोन साखळ्या एकमेकींत गुंफल्या आहेत एवढंच. आता दुसऱ्यांदा मधोमध काटून पिसा. समजा आलं:

२ ४ ७ १ ३ ५ ६ ८

इथे १ एकटा पडला (२ त्याच्या आधी आहे), मग २-३, मग ४-५-६, मग ७-८. चार साखळ्या. एका रिफलमध्ये साखळ्या फार तर दुप्पट होऊ शकतात, त्याहून जास्त नाही. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस.

आता पूर्ण कॅट घ्या. खऱ्या अर्थाने कसाही लागलेला ५२ पत्त्यांचा क्रम असेल, तर त्यात सरासरी साडेसव्वीस साखळ्या असतात, आणि बहुतेक वेळा आकडा २२ ते ३१ यांच्या दरम्यान पडतो. चार वेळा पिसल्यावर तुम्ही १६ च्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे मला आधीचा क्रम माहीत असेल, तर मी साखळ्या मोजून डोळे झाकून सांगेन की हा कॅट नीट पिसलेला नाही. पाच वेळा पिसल्यावर कमाल मर्यादा ३२ होते, त्यामुळे सव्वीस-सत्तावीस निदान आवाक्यात येतात. तरीही कॅट बरोबर उलटा लागण्याचा क्रम, म्हणजे ५२ साखळ्या, पाच रिफलमध्ये मिळणं अशक्यच. त्याला किमान सहा लागतात.

डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये हे नेमकं मोजलं. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर फिरायला निघालेला माणूस, पुढे स्टॅनफर्डमध्ये संख्याशास्त्राचा प्राध्यापक झाला. पत्त्यांकडे कसं बघायचं हे त्याला आधी हातांनी कळलं होतं. त्यांनी धरलेलं पिसणं आपल्यासारखंच ढिसाळ आहे: कॅट साधारण मधोमध काटला जातो, आणि ज्या हातात पत्ते जास्त, त्या हातातून पुढचा पत्ता पडण्याची शक्यता त्या प्रमाणात जास्त. त्यांना आढळलं की कुठलाही क्रम येण्याची शक्यता फक्त त्यातल्या साखळ्यांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे ५२ पत्त्यांचा अक्राळविक्राळ हिशोब ५२ आकड्यांवर आला.

उत्तर पैजेच्या भाषेत सांगतो. नाणं उडवून मी तुम्हाला एकतर पूर्ण मिसळलेला कॅट देणार, नाहीतर नव्या क्रमातून काही वेळा रिफल केलेला. तुम्ही सगळे पत्ते बघून कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने १०० पैकी ५० वेळा बरोबर येईल. उत्तम खेळाडू चार रिफलनंतर जवळजवळ १०० वेळा ओळखेल, पाचनंतर ९६, सहानंतर ८१, सातनंतर ६७, आठनंतर ५८, दहानंतर ५२. म्हणजे सातला कडा वगैरे काही नाही. पाचपर्यंत कॅट जवळजवळ उघडा आहे, आणि त्यानंतर प्रत्येक रिफलला तुमची आघाडी साधारण निम्मी होत जाते. सातला थांबायचं की आठला, ही आवडीची गोष्ट. पैसे लावून खेळत असाल तर मी आठ-नऊ म्हणेन.

साखळ्यांचं हे गुपित जादूगारांना गणितज्ञांच्या आधी माहीत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार्ल्स जॉर्डनने यावर एक खेळ रचला. प्रेक्षकाने कॅट तीन वेळा रिफल करायचा, वरचा पत्ता बघून मध्येच कुठेतरी खुपसायचा. तीन रिफलच्या आठ साखळ्या. हलवलेला पत्ता बहुतेक वेळा एकटाच नववी साखळी होऊन उघडा पडतो. घरी करून बघायला मस्त आहे, फक्त सुरुवातीचा क्रम लिहून ठेवा.

आता खरी अडचण. आपल्याकडे किती जण रिफल करतात? बहुतेक घरांत कॅट डाव्या हातात धरून उजव्याने गठ्ठे काढत पिसतात. त्याला हा सातचा नियम अजिबात लागू नाही. बदाम सात संपल्यावर पत्ते गोळा केले की चारही रंग जवळजवळ ओळीने लागलेले असतात. एका पिसण्यात तुम्ही दहा गठ्ठे टाकलेत, तर शेजारच्या पत्त्यांच्या ५१ जागांपैकी फक्त ९ तुटतात. गठ्ठ्याच्या आतले पत्ते तसेच चिकटून राहतात. असं सात वेळा केलं, दर वेळी जागा न ठरवता कुठेही तोडलं, तरी ५१ पैकी साधारण १३ जोड्या एकदाही तुटलेल्या नसतात. नीट मिसळलेल्या कॅटमध्ये अशी जोडी सरासरी एखादीच सापडते. या पद्धतीने रिफलच्या तोडीला यायचं तर पिसण्याची संख्या हजारांच्या घरात जाते. ‘सत्तीनंतर अठ्ठी माझ्याच हातात कशी?’ हे दर डावाला होणारं भांडण नशिबाचं नाही, पिसण्याचं आहे.

उलट टोकही वाईट. कोणी इतका सफाईदार असेल की कॅट बरोबर २६-२६ काटून एक डावा, एक उजवा असे पत्ते सोडतो आणि सगळ्यात वरचा पत्ता वरच राहतो, तर आठ रिफलनंतर कॅट जसा होता तसा परत येतो! पत्ते मिसळतात ते आपल्या हाताच्या चुकांमुळे. म्हणून दोन-दोन, तीन-तीन पत्ते एकदम पडले तर वाईट वाटून घेऊ नका.

दोन कॅट एकत्र करून रमी खेळत असाल, तर प्रत्येक पत्ता वेगळा धरून पत्ते दुप्पट झाले की साधारण दीड रिफल वाढतं, म्हणजे सातच्या जागी आठ-नऊ. पण १०४ पत्ते एका हातात धरून रिफल करायला माझे पंजे लहान पडतात. मी ते सतरंजीवर उपडे पसरतो आणि आमच्या पुतणीला दोन्ही हातांनी घुसळायला सांगतो. तिचं घुसळून झालं की गोळा करून दोन-तीन रिफल, आणि मग वाटप.